निफ्टीचा लॉट 65 चा, माझी जोखीम 2,000 ची: सौदा सोडायचा की स्टॉप ओढायचा?

अमळनेरवाला
खात्यात 2 लाख आहेत. एका सौद्यात 1 टक्का, म्हणजे 2,000 च्या वर घालवायचे नाहीत असं ठरवलंय. बुधवारी निफ्टी 25,800 ला होता, 25,800 चा कॉल 140 च्या प्रीमियमला, एक्सपायरीला चार सत्रं बाकी. चार्टवर स्टॉपची जागा 110 पॉइंट खाली. निफ्टी तिथे गेला तर प्रीमियम साधारण 50 ने उतरतो, गुणिले 65 म्हणजे 3,250. माझ्या 2,000 मध्ये बसतो 0.6 लॉट, आणि तो कोणी देत नाही. म्हणून प्रीमियमवर 30 चाच स्टॉप लावला. तो लागला, आणि दुपारी निफ्टी माझ्याच बाजूने 200 वर. महिन्यात तिसऱ्यांदा झालं. छोट्या खात्यानं करावं काय?

धुळेकर_ऑप्शन
भाऊ, सोपं आहे. निफ्टी सोड, सेन्सेक्स घे. लॉट फक्त 20 चा. 65 आणि 20 मध्ये किती फरक पडतो बघ. मी तेच करतो, जोखीम आपोआप तिसऱ्या हिश्शावर येते.

भुसावळ_लोको
धुळेकर, लॉट तिसरा हिस्सा आहे हे खरं, पण पॉइंट तिप्पट आहेत ते विसरलात. निफ्टी 25,800 ला असताना सेन्सेक्स 84,000 च्या वर असतो. निफ्टीचे 110 म्हणजे तिकडचे साधारण 360. प्रीमियम साधारण 160 ने पडणार, गुणिले 20, झाले 3,200. पोरगा 3,250 ला अडलाय, तुम्ही त्याला 3,200 देताय.

हा योगायोग नाही. सेबीनं ऑक्टोबर 2024 मध्ये कराराची किमान किंमत 15 लाख केली आणि दोन्ही एक्सचेंजनी लॉट त्या हिशोबानं बसवले. 25,800 गुणिले 65 करा, नाहीतर 84,000 गुणिले 20 करा, दोन्हीकडे साडेसोळा-सतरा लाखच येतात. त्यामुळे कुठल्या इंडेक्सचा लॉट आकड्यानं लहान आहे हे पाहून काही साधत नाही.

धुळेकर_ऑप्शन
काका, गुणाकार मान्य. पण मग माझा तोटा कमी का दिसतो?

भुसावळ_लोको
तुम्ही सेन्सेक्सवर 50 पॉइंटचा स्टॉप लावत असाल. 50 गुणिले 20 म्हणजे हजारच. पण तो स्टॉप निफ्टीच्या भाषेत प्रीमियमवरचे जेमतेम 15 आहेत. किती वेळा लागतो ते मोजलंत का कधी?

रावेर केळीवाला
माझा अनुभव सांगतो. आधी 25 चा लॉट होता तेव्हा मी नेहमी दोन लॉट घ्यायचो. 30 चा स्टॉप, गेले तर 1,500. मग लॉट 75 चा झाला. मी आपला दोनच लॉट घेत राहिलो, हाताला सवय. पहिल्याच स्टॉपला 4,500 गेले. ब्रोकरनं जास्त कापले म्हणून मी त्यांना फोन लावला! लॉट आता 65 चा झालाय हेही मला जानेवारी 2026 उलटून गेल्यावर कळलं. तर भाऊ, तुझ्या ब्रोकरला सांगून लॉट लहान करून मिळतो का ते विचार आधी.

शहादा_ताई
केळीवाले दादा, लॉट ब्रोकर ठरवत नाही, एक्सचेंज ठरवतं. विचारून काही मिळायचं नाही. पण तुमचा किस्सा कामाचा आहे, दोन लॉट म्हणजे किती रुपये हे दर वेळी नव्याने मोजावं लागतं.

आता अमळनेरवाल्या भावासाठी. माझं मत कडक आहे: भागाकार करून खालचा पूर्ण आकडा घ्यायचा. 0.6 आला तर शून्य. 1.9 आला तरी एकच. 2,000 ला 65 ने भागलं की 30 येतात, त्यातून खर्च आणि घसरणीचे, म्हणजे ठरल्यापेक्षा वाईट भाव मिळण्याचे, दोन-तीन काढ. उरले 28. हा आकडा स्क्रीनला चिकटवून ठेव. चार्टवरचा स्टॉप प्रीमियममध्ये 28 च्या आत येत असेल तरच सौदा, नाहीतर नाही. तू उलटं केलंस. आधी 30 ठरवले आणि मग चार्टला सांगितलं की तुझा नीचांक आता इथे. चार्ट कशाला ऐकेल?

अमळनेरवाला
ताई, मान्य. पण मागचे 14 सौदे काढून बघितले. 28 च्या आत बसणारे फक्त चार निघाले, आणि ते चारही सकाळच्या थंड, चालच नसलेल्या दिवसांचे. चांगली चाल आली त्या दिवसांचे स्टॉप लांबचे होते. म्हणजे नियम पाळला तर नेमके चांगले दिवस हातातून जातात.

धुळेकर_ऑप्शन
हेच तर! म्हणून म्हणतो, 1 टक्क्याला देव मानू नका. 3,250 म्हणजे 1.6 टक्के. एक लॉट घ्या, आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त सौदे नाहीत, महिन्याला 12,000 गेले की बंद, असं बांधा. केळीची गाडी अर्धी भरून कोणी पाठवत नाही. भरली तर जाते, नाहीतर माल वावरात राहतो.

शहादा_ताई
गाडी भरायला माल नसेल तर उधारीवर आणून भरायची का? आज 1.6, उद्या 2.4, कारण "लॉट एकच तर आहे". मग मर्यादा तुम्ही नाही, बाजाराची चाल ठरवते. अस्थिर दिवशी सगळ्यात मोठी जोखीम आणि शांत दिवशी सगळ्यात लहान, हे उफराटं नाही का?

भुसावळ_लोको
ताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि पोराची तक्रारही बरोबर आहे. दोघं एकच दांडा फिरवताय, लॉटची संख्या. तो दांडा 0 आणि 1 वर अडकलाय. दुसरा दांडा आहे, लॉट एकच ठेवून इंडेक्सच्या एका पॉइंटला आपल्याला किती झळ लागते ते बदलणं.

त्याच बुधवारचा सौदा घ्या. 25,800 चा कॉल 140 ला घेतला आणि सोबत 26,000 चा कॉल 58 ला विकला, यालाच स्प्रेड म्हणतात. खिशातून गेले 82. निफ्टी 110 खाली आला तर घेतलेला 50 ने पडतो, विकलेला अंदाजे 25 ने. निव्वळ तोटा 25, गुणिले 65 म्हणजे 1,625. स्टॉप चार्टवर जिथे होता तिथेच आहे, आणि रक्कम 2,000 च्या आत आली.

धुळेकर_ऑप्शन
मग एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? नुसता 26,000 चा कॉल 58 ला घ्या की. तोही 110 ला 25 नेच पडतो, तुम्हीच म्हणालात. मार्जिनची कटकट नाही.

भुसावळ_लोको
हे अर्धं बरोबर आहे. चाल त्याच दिवशी आली तर हा कॉल उलट जास्त देतो. पण दोन सत्रं निफ्टी जागेवर बसला तर? 58 चा कॉल तोवर 25-30 पर्यंत झिजतो. म्हणजे 110 पॉइंटचा स्टॉप लागलाच नाही, आणि स्टॉपएवढे पैसे मात्र गेले. तुमच्या हिशोबात ही जोखीम कुठेच नव्हती. स्प्रेडमध्ये त्याच दोन सत्रांत दहाएक पॉइंट जातात, कारण विकलेलाही झिजतो.

अमळनेरवाला
काका, पण मग त्या दिवशी 200 वर गेला तेव्हा स्प्रेडनं किती दिलं असतं?

भुसावळ_लोको
खरं सांगतो, कमी. नुसत्या 25,800 च्या कॉलमध्ये 120 च्या पुढे मिळाले असते, स्प्रेडमध्ये त्याच दिवशी 45-50. म्हणजे 50 लावून 120 मिळवायचे की 25 लावून 47, असा प्रश्न आहे. गुणोत्तर बिघडतं. पूर्ण 118 मिळायला निफ्टी एक्सपायरीपर्यंत 26,000 च्या वर टिकावा लागतो. दिवसात आत-बाहेर करणाऱ्याला स्प्रेड बेचव लागेल. दोन-तीन दिवस धरून बसणाऱ्याला बरा.

आणि 1,625 हा आकडा बाजार चालू असतानाचा आहे. रात्रीत मोठी गॅप पडली तर स्प्रेडमध्ये पूर्ण 82, म्हणजे 5,330 जाऊ शकतात. नुसत्या कॉलमध्ये 140 गुणिले 65, 9,100. हा वरचा आकडाही कागदावर लिहून ठेवायचा.

शहादा_ताई
म्हणजे 2,000 चा नियम रात्री 5,330 चा होतो. मला हे पटत नाही, काका. मी धरलेला स्प्रेड तीन वाजता बंद करते, आणि मग तुम्हीच म्हणता तसा तो बेचव. माझा शून्य लॉट बरा.

भुसावळ_लोको
असू द्या. मी धरतो, पण मोठी बातमी येणार असेल त्या रात्री नाही. तुमचा बंद करण्याचा नियम माझ्यापेक्षा सुरक्षित आहे, यात वाद नाही.

रावेर केळीवाला
एक शंका. माझा स्टॉप प्रीमियमच्या 110 भावाला होता, भाव 96 ला गेला तरी ऑर्डर तशीच पडून होती. ब्रोकरची चूक ना?

शहादा_ताई
तुम्ही लिमिट आणि ट्रिगर एकाच भावाला लावला असणार. ऑप्शनमध्ये 2021 पासून मार्केट स्टॉप नाही, ट्रिगर आणि लिमिट दोन्ही भरावे लागतात. ट्रिगर 110 असेल तर लिमिट 104-105 ठेवा, म्हणजे भाव उडी मारून गेला तरी विक्री होण्याची शक्यता राहते. आणि जोखीम 105 नेच मोजा, 110 ने नाही. 65 च्या लॉटला ते पाच पॉइंट म्हणजे 325 रुपये, 2,000 मधला सहावा हिस्सा.

रावेर केळीवाला
अरे देवा. दोन वर्षं 110 नेच मोजतोय.

अमळनेरवाला
ठरवलं असं: पुढचे 20 सौदे फक्त कागदावर. प्रत्येकाला तीन रकाने, ताईंचा शून्य लॉट, धुळेकरांचा 1.6 टक्क्यांचा एक लॉट आणि काकांचा स्प्रेड. स्प्रेड दिवसअखेर बंद केला तर किती आणि धरला तर किती, ते वेगळं लिहितो. काका, स्प्रेडमधून बाहेर पडताना आधी कुठला पाय?

भुसावळ_लोको
आधी विकलेला परत घे, मग घेतलेला विक. उलटं केलंस तर मधल्या क्षणी विकलेला कॉल उघडा पडतो, त्याचं पूर्ण मार्जिन लागतं, आणि 2 लाखांच्या खात्यात दुसरे सौदे चालू असले तर ते कमी पडू शकतं. कागदावर हे दिसणार नाही. म्हणून भावात दोन्ही पायांचा एकेक पॉइंट घसरणीचा धर.

धुळेकर_ऑप्शन
माझ्या रकान्यात महिन्याची 12,000 ची मर्यादाही लाव बरं का. नाहीतर ताई म्हणतील मी चिटिंग करतो.

शहादा_ताई
म्हणणारच आहे.