मदत हवी आहे: नव्या सहकाऱ्याचं स्वागत आणि रांगेची ओळख, छोटं भाषण

घाईत_आहे: उद्या सकाळच्या शिफ्टला नवीन सहकारी रुजू होतायत. सुपरवायझर म्हणून स्वागताचे दोन शब्द बोलून रांग कशी चालते ते सांगायचंय. दोन मिनिटांच्या वर नको. मसुदा द्या, आजच.

कोपऱ्यातला: कसली रांग? खिडकीवरची, फोनची?

घाईत_आहे: हेल्पडेस्कच्या तिकिटांची हो. अजून कसली!

शब्दवेल्हाळ: सुरुवात "सन्माननीय व्यासपीठ" अशी करा, भारदस्त वाटतं.

कोपऱ्यातला: एका माणसासमोर व्यासपीठ?

सरळमार्गी: एवढं काय त्यात? आधी आलेलं तिकीट आधी घ्यायचं. संपलं भाषण.

रात्रपाळी: प्राधान्य सारखं असेल तरच. समजा 9 वाजता "नवा माऊस हवा" आलं, मुदत संध्याकाळी 5. मग 11:40 ला "हिशेब विभागात कुणालाच प्रिंट निघत नाही", मुदत 1:40. दोन्ही पडून आहेत आणि नवा माणूस 12 ला मोकळा झाला. तुमच्या नियमाने तो माऊसच्या मंजुरीमागे लागणार नि प्रिंटरची मुदत हुकणार. यादी मुदतीच्या रकान्यावर लावली की प्रिंटर आपोआप वर येतो.

मसुदा घ्या:

"या, स्वागत आहे. आज किती तिकिटं बंद केलीत ते मी मोजणार नाही. यादी मुदतीनुसार लावलेली आहे, ती तशीच ठेवा आणि सगळ्यात वरचं घ्या. सोपं शोधत खाली जाऊ नका. पासवर्डची तिकिटं सगळेच उचलतात आणि वरचं किचकट तिकीट तिथेच मुदत ओलांडतं. आधी तिकीट स्वतःच्या नावावर करा, मगच फोन लावा, नाहीतर एकाच माणसाला दोघांचे फोन जातात. अर्धा तास अडकलात तर काय काय करून पाहिलं ते तिकिटात लिहा आणि मला हाक मारा. नुसतं 'पाहिलं, जमलं नाही' लिहिलंत तर पुढचा पहिल्यापासून सुरू करतो."

सरळमार्गी: प्राधान्य तक्रार करणाराच टाकतो ना? मग प्रत्येकाचं तातडीचंच!

रात्रपाळी: म्हणून किती जणांचं काम अडलंय ते विचारून ते आपण बदलायचं. पण पहिल्या दिवशी नव्या माणसाने नाही, सुपरवायझरने.

टेलिफोनवाली: आमच्याकडे फोनची रांग आहे. कॉल संपल्यावर नोंदीला वेळच देत नाहीत, पुढचा लगेच येतो. काही उपाय?

कोपऱ्यातला: वेगळा धागा काढा. मसुद्यात तिकीट 'प्रतीक्षेत' कधी टाकायचं ते सांगायचं राहिलं की! तक्रारदाराच्या उत्तरासाठी थांबलो तर मुदतीचं घड्याळ थांबतं. मुदत जवळ आली की काही जण उगाच एक प्रश्न विचारून तिकीट तिथे ढकलतात.

सरळमार्गी: बाहेरून सुटा भाग यायचा असेल तरी थांबतं.

रात्रपाळी: सगळीकडे नाही. करारात तसं लिहिलं असेल तरच.

घाईत_आहे: मसुदा उचलला. आमच्या करारात काय आहे ते बघावं लागेल. कागद कुणाकडे असतात असले?