‘फॅक्टर रिस्क प्रीमियम’ला मराठीत काय म्हणावं?

खानापूरकर: बेळगावात एमबीए करणाऱ्या मराठी मुलींसाठी आर्बिट्राज प्रायसिंगचं टिपण लिहितेय, म्हणजे शेअरचा अपेक्षित परतावा सगळ्या बाजाराला हलवणाऱ्या घटकांच्या जोखमीवरून काढायचा सिद्धांत. ‘सेन्सिटिव्हिटी’ला संवेदनशीलता चालून जातं. ‘फॅक्टर रिस्क प्रीमियम’ला मात्र कुणी ‘घटकाचा परतावा’ म्हणतं, कुणी ‘जोखीम-अधिमूल्य’. टिपणातलं उदाहरण असं आहे. बिनजोखमीचा दर ६ टक्के. पहिला घटक औद्योगिक वाढीतला अनपेक्षित बदल, दुसरा व्याजदरातली अनपेक्षित वाढ. एका फाउंड्रीच्या शेअरची पहिल्याशी संवेदनशीलता १.२, दुसऱ्याशी उणे ०.५. फक्त पहिल्या घटकाशी १ संवेदनशीलता असलेल्या पोर्टफोलिओचा अपेक्षित परतावा ११ टक्के, फक्त दुसऱ्याशी १ असलेल्याचा ४ टक्के.

निपाणीकर: प्रीमियम म्हणजे हप्ता की हो! आमच्याकडं तंबाखूच्या वखारीचा विमा उतरवतात, त्याचा दरवर्षी प्रीमियम भरावा लागतो. ‘जोखमीचा हप्ता’ म्हणा, गावातल्या माणसालाही कळेल.

टिळकवाडी: काका, इथं पैसे भरायचे नाहीत, मिळायचे आहेत. मला ‘घटकाचा परतावा’ सरळ वाटतो. संवेदनशीलता गुणिले घटकाचा परतावा, त्यात बिनजोखमीचा दर मिळवला की झालं. १.२ गुणिले ११ म्हणजे १३.२, उणे ०.५ गुणिले ४ म्हणजे उणे २, त्यात ६ मिळवले की १७.२ टक्के.

उद्यमबाग: रचना बरोबर आहे, पण शब्दानं घात केला. ११ हा त्या पोर्टफोलिओचा पूर्ण परतावा. त्यातले ६ टक्के जोखीम न घेताही मिळाले असते, म्हणून जोखमीबद्दलचे फक्त ५. दुसऱ्याचे ४ वजा ६, म्हणजे उणे २. आता ६ अधिक १.२ गुणिले ५, अधिक उणे ०.५ गुणिले उणे २. म्हणजे ६ अधिक ६ अधिक १. उत्तर १३ टक्के.

ताळा असा करा. शंभर रुपयांच्या या शेअरसारखीच जोखीम स्वतः उभी करायची तर पहिला पोर्टफोलिओ १२० रुपयांचा घ्यायचा, दुसरा ५० रुपयांचा शॉर्ट, म्हणजे उसना घेऊन, विकायचा आणि उरलेले ३० बिनजोखमीत ठेवायचे. परतावा १३.२ वजा २ अधिक १.८, म्हणजे १३. टिळकवाडीच्या बेरजेत बिनजोखमीत ३० नाही, पूर्ण १०० धरलेत. म्हणजे शंभराच्या जागी १७० रुपये गुंतवल्यासारखं झालं. पूर्ण परतावा वापरायचा तर तिन्ही हिश्श्यांची बेरीज १ यायला हवी. ती १.७ आली की समजावं, बिनजोखमीचा दर जास्तीचा मोजलाय.

टिळकवाडी: पटलं. पण येत्या वर्षी औद्योगिक वाढ ७ टक्के होईल असा माझा अंदाज असेल, तर १.२ ला ७ ने गुणायचं का?

उद्यमबाग: नाही. बाजाराला जी वाढ आधीच अपेक्षित आहे ती आजच्या भावात आलेली असते. घटक म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी-जास्त झालेला भाग, आणि त्याची सरासरी शून्य धरतात. वाढ अपेक्षेपेक्षा एक टक्का जास्त झाली, तर शेअरचा प्रत्यक्ष परतावा १३ वरून १४.२ होईल, बाकी सगळं अपेक्षेप्रमाणे राहिलं तर. अपेक्षित परताव्यात मात्र गुणायचं ते प्रीमियमनंच.

खानापूरकर: दुसऱ्याचा प्रीमियम उणे कसा? जोखीम घेऊन कुणी ६ ऐवजी ४ टक्क्यांवर का राजी होईल?

उद्यमबाग: व्याजदर अचानक वाढले की बहुतेक शेअर पडतात. हा पोर्टफोलिओ नेमका तेव्हा वर जातो. असा आधार हवा म्हणून लोक कमी परतावा पत्करतात. तेवढ्यापुरता निपाणीकर काकांचा हप्ता अगदी लागू पडतो. आपली फाउंड्री उलट्या बाजूला आहे. दर वाढले की ती पडते, म्हणून तिला १ टक्का जास्त द्यावा लागतो. उणे गुणिले उणेचा अर्थ तो.

निपाणीकर: मग आमच्या चिकोडीकडच्या साखर कारखान्याच्या शेअरला उसाचा भाव हाच घटक घ्यावा का?

उद्यमबाग: घटक कोणते हे सिद्धांत सांगत नाही. स्टीफन रॉस यांनी १९७६ मध्ये तो मांडला, तेव्हाही यादी ठरवून दिली नव्हती. पण अनेक शेअर एकत्र घेतले की विरून जाणाऱ्या जोखमीला प्रीमियम मिळत नाही. उसाचा भाव मुख्यतः साखरेच्या शेअरनाच हलवत असेल, तर तो घटक म्हणून टिकणार नाही.

टिळकवाडी: आणि हाच शेअर आजच्या भावाला १५ टक्के देईल असं दिसलं, तर वरचे २ टक्के खात्रीचे?

उद्यमबाग: नाहीत. शेअर घेऊन ती १२०-५०-३० ची जुळणी उलटी केली तर दोन्ही घटकांची जोखीम जाते, पण त्या एका फाउंड्रीची स्वतःची उरते. भट्टी बंद पडली तर दोनाऐवजी उणे वीसही येतील. चुकीच्या भावाचे असे पुष्कळ शेअर एकत्र असतील तरच हा हिशेब धरता येतो.

खानापूरकर: मग ‘घटकाचा परतावा’ बाद. ‘जोखीम-मोबदला’ लिहू का?

टिळकवाडी: मोबदला उणे कसा असेल? ‘अधिमूल्य’ही उणे म्हटलं की अडखळतं.

उद्यमबाग: मी ‘जोखीम-मोबदला’च लिहीन आणि पहिल्याच ओळीत ‘बिनजोखमीच्या दरापेक्षा जास्त किंवा कमी’ असं घालीन.

निपाणीकर: उणे असेल तिथं तरी हप्ता म्हणा की!