जूनच्या फीचे पैसे : ट्रेझरी बिल की गिल्ट फंड?

सुनीता (बी-३०४): सोयाबीनचे साडेतीन लाख आले. जूनच्या शेवटी पोरीची फी भरायची आहे. एक जण म्हणाला गिल्ट फंडात टाका, सरकारीच आहे, बुडत नाही. टाकू का?

जोशी सर (ए-१०२): नका टाकू वहिनी. गिल्ट फंड म्हणजे सरकारचे कर्जरोखे घेणारा म्युच्युअल फंड. बुडत नाही हे खरं, पण कमी होऊ शकतं. मी २०२२ च्या सुरुवातीला टाकले होते. व्याजदर वाढले आणि लातूरच्या घराच्या कामाला पैसे काढायच्या वेळी मुद्दलच कमी दिसलं.

सुनीता: सरकारी असून कमी कसं?

जोशी सर: दर वाढले की हातातल्या जुन्या रोख्याची किंमत पडते. ड्युरेशन म्हणजे दर बदलले की किंमत किती हलते त्याचं माप. सात वर्षांच्या ड्युरेशनचा फंड असेल तर दर एक टक्का वाढल्यावर एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, साधारण सात टक्के खाली येते. रोखा स्वतः घेतला असता तरी मधे किंमत पडलीच असती, पण मुदतीला सरकार शंभराच्या रोख्याचे पूर्ण शंभर देतं. फंडाला अशी मुदतच नसते, तो सतत रोखे बदलत राहतो.

कुलकर्णी काकू (ए-४०१): मग फीला ट्रेझरी बिल बरं, म्हणजे सरकारने थोड्या मुदतीसाठी घेतलेलं कर्ज. सरकारी रोखे घ्यायच्या रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर माझं खातं आहे, उघडायला काही लागत नाही. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची बिलं असतात, दहा हजारांपासून. लिलाव सहसा बुधवारी, मी मंगळवारीच बोली टाकते. भाव आपण सांगायचा नसतो, लिलावात ठरतो तो मिळतो.

सुनीता: व्याज किती?

काकू: व्याज वेगळं नाही येत, आधी सूट मिळते. समजा १८२ दिवसांचं शंभराचं बिल ९७.३० ला मिळालं. एक लाखासाठी ९७,३०० जातात आणि मुदतीला लाख खात्यात येतात. २,७०० सुटले, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या जवळपास. बोलीच्या वेळी थोडे जास्त कापतात, उरलेले परत येतात. पहिल्यांदा मी घाबरले होते.

सुनीता: मधेच लागले तर?

जोशी सर: इथे फंड बरा, पण गिल्ट नव्हे, अगदी थोड्या मुदतीचे रोखे घेणारा लिक्विड फंड. त्याचे पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. बिल विकता येतं, पण छोट्या रकमेला गिऱ्हाईक लगेच सापडेलच असं नाही. म्हणून फीपुरतंच बिल घ्या.

काकू: आणि मिळकत उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. ती तुमच्या मिस्टरांच्या पगारात मिळवू नका, बिल तुमच्या नावावर घ्या, पण पैसेही तुमच्याच शेतीचे हवेत.

सुनीता: शेत माझ्याच नावावर आहे, माहेरचं. तीन लाखांचं १८२ दिवसांचं घेते, पन्नास हजार बँकेत ठेवते. काकू, सोमवारी पॅन, आधार, पासबुक घेऊन येऊ का?

काकू: ये. आधारला जोडलेला मोबाईलही आण, ओटीपी त्यावरच येतो.