पद आणि पगार कमी करताना ग्रॅच्युइटीचा विचार

“१२ वर्षांच्या नोकरीनंतर पद खाली आणून मूळ पगार ५२,००० वरून ३९,००० करत आहेत. सही करू का?”

लगेच करू नका. आपण कायद्याच्या व्याख्येतील ‘कामगार’ असाल, तर वेतनात असा बदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस देणे बंधनकारक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीला मात्र हे संरक्षण नाही. तिची भिस्त नियुक्तिपत्रावरच असते. अशा वेळी कमी पगार निमूटपणे घेत राहिल्यास संमती गृहीत धरली जाण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्याच महिन्यात ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारत आहे’ असा ईमेल पाठवावा.

वाटाघाटीत बहुतेकांच्या नजरेतून निसटते ती ग्रॅच्युइटी. ती शेवटच्या पगारावर, म्हणजे पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे, अशी मोजतात. आज आपले ३,६०,००० रुपये होतात. पगार उतरल्यावर त्याच १२ वर्षांचे २,७०,००० होतील. अपंगत्वामुळे पगार घटल्यास आधीची वर्षे जुन्या दराने मोजण्याची सोय कायद्यात आहे, इतरांना ती मागून घ्यावी लागते. कायद्याहून चांगल्या अटी देण्यास मालकाला मनाई नसल्यामुळे, ‘आजवरच्या सेवेची ग्रॅच्युइटी ५२,००० वर मोजली जाईल’ हे वाक्य बदलाच्या पत्रातच लिहून घ्यावे. मनुष्यबळ विभागाचे तोंडी आश्वासन, माझ्या मते, कवडीमोलाचे असते.