धागा: दूध की गहू? पोटाच्या तक्रारी आणि तपासण्यांचे अनुभव

बंदरवाट (रत्नागिरी):
शेजारच्या मुलाने परवा सांगितले की पोट सतत फुगते म्हणून त्याने आपल्या मनानेच पोळी बंद केली आहे आणि आता बरे वाटत असल्यामुळे तो रक्त तपासायला जाणार आहे. ते ऐकून भाचीची हकीकत आठवली.

दूध प्यायले की तासाभरात तिचे पोट गुडगुडायचे आणि पातळ शौचास व्हायचे. श्वासातील हायड्रोजन मोजण्याची तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह आली, आणि लॅक्टोज पचत नाही असे ठरून दूध बंद झाले. गॅस बराच कमी झाला. परंतु महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ९ च्या वर सरकेना, तोंड वरचेवर येई आणि वजनही घटत चालले होते. नुसते दूध न पचल्याने माणूस असा पांढराफटक पडत नाही, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही. पुढे एका नातेवाइकाच्या सल्ल्याने गहूही सुटला. घरी भात, तांदळाची भाकरी, घावणे आणि आंबोळी असल्यामुळे ते जडही गेले नाही, आणि तिला हुशारी वाटू लागली. काही महिन्यांनी सीलिॲकसाठीची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतडे झिजते त्या आजारासाठीची, टीटीजी ही रक्ततपासणी केली, तर ती अगदी नॉर्मल!

रिपोर्ट पाहून पोटविकारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "रक्त दिले तेव्हा पोळी खात होतीस का?" मग त्यांच्या देखरेखीखाली तिने सहा ते आठ आठवडे रोज दोन पोळ्या खाल्ल्या. ते दिवस तिला फार त्रासाचे गेले. नंतरची टीटीजी मर्यादेच्या कितीतरी पट वर आली, आणि दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेतले तेव्हा आतील झालर झिजून सपाट झालेली आढळली. गहू कायमचा सुटल्यावर हिमोग्लोबिन हळूहळू १२ पर्यंत आले, आणि गंमत म्हणजे आता ती चहात आणि खिरीत दूध बिनदिक्कत घेते. तुमच्याकडे कोणाला असा अनुभव आहे का?

दशावतारी (वेंगुर्ले):
हा आजार मुळात गहू खाणाऱ्या उत्तर भारताकडचा आहे, आपण भात खाणारी माणसे, त्यामुळे इकडे उगाच भीती नको असे मला वाटते. शिवाय एवढा खटाटोप कशाला? जनुकांची तपासणी करावी, ती पॉझिटिव्ह आली की सीलिॲक आहे हे ठरलेच.

जुनी प्रयोगशाळा (चिपळूण):
दशावतारी, उत्तरेत हा आजार अधिक आढळतो हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. जनुकांचे मात्र उलट आहे. डीक्यू २ आणि डीक्यू ८ या दोन खुणांपैकी एक तरी जवळपास तीन माणसांमागे एकात सापडते, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. तेव्हा पॉझिटिव्ह रिपोर्टवरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही खुणा नसतील तर मात्र सीलिॲक जवळजवळ नाहीच, असे म्हणता येते. या तपासणीवर आहाराचा परिणाम होत नाही, म्हणून ज्याने गहू कधीच सोडला आहे त्याच्यासाठी ती उपयोगी पडते.

टीटीजी म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, तिचे तसे नाही. ग्लुटेन पोटात जात असते तोवरच शरीर त्या प्रतिपिंडांची निर्मिती करत राहते. गहू बंद झाला की त्यांचे प्रमाण काही आठवड्यांत उतरू लागते, आतड्याची झालर पुन्हा उगवू लागते, आणि मग रक्त व बायॉप्सी दोन्ही "सर्व ठीक" असे सांगतात. इथे आपल्या किनाऱ्याची एक वेगळी अडचण आहे. ज्याच्या घरी पोळी आठवड्यातून एखाद्या दिवशी होते, त्याने गहू "सोडलेला" नसला तरी तपासणीपुरते ग्लुटेन त्याच्या पोटात गेलेले नसते. रक्त देण्यापूर्वी निदान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक जेवणांत गहू असावा लागतो. टीटीजीबरोबर आयजीए या प्रकारच्या प्रतिपिंडांचे एकूण प्रमाणही मोजून घ्यावे, कारण काहींच्या शरीरात आयजीए मुळातच अत्यल्प असते आणि त्यांची टीटीजी फसवी निगेटिव्ह येते.

भाचीची श्वासतपासणी चुकीची नव्हती, बंदरवाट. लॅक्टोज पचवणारे विकर त्या झालरीच्या टोकांवरच असते, त्यामुळे झालर झिजली की दूधही पचेनासे होते. दूध पचत नाही एवढे ती तपासणी सांगते, का पचत नाही ते सांगत नाही.

माडाची सावली (मालवण):
माझ्या वडिलांना निव्वळ लॅक्टोजचाच त्रास आहे. पेलाभर दूध प्यायले की दोन तासांच्या आत पोट बिघडते, पण ताक आणि दही चालते, चहातल्या दुधानेही काही होत नाही. वजन आणि रक्त वर्षानुवर्षे उत्तम आहे. वरची हकीकत वाचून दोन्हींतला फरक मला आज नीट कळला.

कोकम आगळ (गुहागर):
मला सोलकढी प्यायल्यावर छातीत जळजळते. हेही लॅक्टोजच म्हणायचे काय?

माडाची सावली (मालवण):
अहो काका, नारळाच्या दुधात लॅक्टोज नसते, माडाला कोणी गोठ्यात बांधत नाही! जळजळ कोकमाच्या आंबटपणाची असेल, ती डॉक्टरांना दाखवा.

शिरवाळे (देवगड):
माझ्या मुलाचे निदान झाले तेव्हा आम्हाला वाटले की मासे-भात खाणाऱ्या घरात काय बदलायचे आहे? मग एकेक गोष्ट समोर आली. खानावळीतली सुरमई रव्यात घोळवलेली असते. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. वड्यांच्या भाजणीत काही घरांतून मूठभर गहू पडतात. आता सुरमई तांदळाच्या पिठात तळते, आणि पोळीच्या तव्यावर त्याचा घावणा घालत नाही.

माझा प्रश्न धाकटीबद्दल आहे. ती चार वर्षांची आहे आणि थोरल्यामुळे तिच्याही ताटातला गहू वर्षभर बंदच आहे. भावंडांना तपासावे असे डॉक्टर सांगतात, मग तिला आता मुद्दाम गहू खायला घालायचा का?

जुनी प्रयोगशाळा (चिपळूण):
ताई, भावंडांना धोका अधिक असतो, त्यामुळे तपासणी हवीच. मात्र पाच वर्षांखालील मुलांना आणि वयात येणाऱ्या मुलांना असा गहू देणे शक्यतो टाळतात, कारण ते वाढीचे दिवस असतात. अशा वेळी आधी जनुकांची तपासणी करतात. दोन्ही खुणा नसतील तर प्रश्नच मिटतो. असतील तर केव्हा आणि कसे, हे तिची उंची-वजनाची नोंद पाहून बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचे, आणि त्यातही सगळ्यांचे एकमत होईलच असे नाही.

दशावतारी (वेंगुर्ले):
जनुकांबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो. पण शेजारच्या मुलाने नुसती सकाळची खारी आणि टोस्ट चालू ठेवले तर पुरेल का?

जुनी प्रयोगशाळा (चिपळूण):
मैद्यातही ग्लुटेन असतेच, पण एका खारीच्या भरवशावर राहू नये. दोन पोळ्या किंवा दोन पाव रोज, निरनिराळ्या जेवणांत, असा हिशेब ठेवावा. पोळी सोडून किती दिवस झाले तेही रक्त देताना लिहून द्यावे. फार उलट्या-जुलाब झाले तर आपल्या मनाने न थांबता डॉक्टरांना विचारावे, कारण कधीकधी ते रक्त लवकरही घेतात.

बंदरवाट (रत्नागिरी):
त्याला हे सांगितले. पोळी पुन्हा सुरू करायला तो तयार नाही, कारण परीक्षा तोंडावर आहे. रक्ततपासणी तेवढी पुढे ढकलली आहे.