मदत हवी आहे : सहा वर्षांच्या लेकीच्या नावाने डेटा ब्रीचचं पत्र आलंय, आता काय करायचं?

जास्वंदी_एडिसन

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. शनिवारी टपालात दोन पाकिटं आली, एक नवऱ्याच्या नावाचं आणि दुसरं आमच्या लेकीच्या 'पालकांना' लिहिलेलं. लेक सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. पाठवणाऱ्या कंपनीचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. आत लिहिलंय की ही कंपनी डॉक्टरांच्या दवाखान्यांचं बिलिंग करते, ११ ते १४ फेब्रुवारीदरम्यान कुणीतरी त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरलं होतं आणि त्यात आमची माहिती 'असण्याची शक्यता' आहे. फायली तपासून झाल्या २ जुलैला, आणि पत्रावर तारीख आहे २९ ऑगस्टची!

सोबत एका वर्षाच्या मोफत क्रेडिट मॉनिटरिंगचा कोड दिलाय, ९० दिवसांत नोंदणी करायची आहे. वेबसाइटचं नावही अनोळखी, आणि तिथे गेलं की पहिल्यांदा सोशल सिक्युरिटी नंबरच मागतात. नवरा म्हणतो हे पत्रच फसवणुकीचं असेल, फेकून दे. मला दोन रात्री झोप नाही. पत्र खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि खरं असेल तर पहिलं काम कोणतं?

गोदाकाठ

ताई, सर्वात आधी आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, एम-आधार ॲपमधून दोन मिनिटांत होतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. मला मागच्या वर्षी एका खरेदीच्या साइटकडून असाच मेल आला होता, तेव्हा मी हेच केलं. पासवर्ड सगळीकडे एकच होता, तो बदलताना फार त्रास झाला.

जास्वंदी_एडिसन

धन्यवाद दादा, पण आम्ही अमेरिकेत आहोत आणि लेकीचं आधार काढलेलंच नाही. इथली माहिती हवी आहे.

डॅलसकर

पत्र खरंच असणार, अशी पत्रं आता दर दोन-तीन महिन्यांनी येतात. क्रेडिट मॉनिटरिंग फुकट आहे ना, घेऊन टाका. त्याशिवाय लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या तिघांपैकी एका ब्युरोला कळवा, म्हणजे इक्विफॅक्स, एक्स्पिरियन किंवा ट्रान्सयुनियन. एकाला सांगितलं की ते उरलेल्या दोघांना कळवतात. तेवढं पुरतं.

आणि त्यांनी कायदा मोडलाय हे नक्की. आरोग्याच्या माहितीसाठी ६० दिवसांची मुदत आहे. फेब्रुवारीतली गोष्ट ऑगस्टमध्ये कळवतात म्हणजे काय! वकील गाठा.

पाटीवर_पेन्सिल

मी गेली बरीच वर्षं हॉस्पिटलांच्या माहिती-सुरक्षेचं काम करते आणि अशा पत्रांचे मसुदे पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खरं-खोटं. पत्रातल्या नंबरवर फोन करू नका. तो बहुतेक वेळा भाड्याच्या कॉल सेंटरचा असतो आणि तिथली माणसं समोरचा कागद वाचून दाखवतात. लेकीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून विचारा, "तुमचं बिलिंग ही कंपनी करते का, आणि त्यांच्याकडे असं काही झालंय का?" दुसरा मार्ग म्हणजे राज्यांच्या ॲटर्नी जनरलची संकेतस्थळं. कॅलिफोर्नियातल्या ५०० पेक्षा जास्त रहिवाशांची माहिती गेली असेल, तर पत्राचा नमुना तिथल्या ॲटर्नी जनरलकडे द्यावा लागतो आणि तो सगळ्यांना वाचता येतो. ५०० किंवा जास्त रुग्णांची आरोग्यविषयक माहिती गेली असेल, तर केंद्राच्या आरोग्य खात्याच्या यादीतही नोंद होते. कंपनीचं नाव टाकून शोधा, आणि सापडलेल्या नमुन्यातला वेबसाइटचा पत्ता तुमच्या पत्राशी अक्षर न् अक्षर जुळवा. हे सांगण्याचं कारण आहे. २०१७ च्या इक्विफॅक्स प्रकरणात कंपनीने equifaxsecurity2017.com अशी वेगळीच साइट काढली होती, आणि त्यांच्याच ट्विटर खात्यावरून लोकांना चुकून उलटसुलट शब्दांचा दुसराच पत्ता दिला गेला. पाठवणाऱ्यांचीच अशी गल्लत होते, तिथे वाचणाऱ्याची काय कथा.

आता पत्र पुन्हा हातात घ्या. या पत्रांचा साचा साधारण ठरलेला असतो : काय घडलं, कोणती माहिती गेली, आम्ही काय करतोय, तुम्ही काय करू शकता, अधिक माहितीसाठी. पहिल्या भागातलं 'गैरवापराचा पुरावा आढळलेला नाही' हे वाक्य वाचून निश्चिंत होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की त्यांना तो दिसलेला नाही. चोरलेला नंबर दुसरीकडे कुणी वापरला, तर ते या कंपनीला कळणार तरी कसं? तुमचं पुढचं सगळं काम दुसऱ्या भागातल्या एका वाक्यावर ठरतं. ते वाक्य सगळ्यांना सारखं नसतं, ज्याच्या नावावर फायलीत जे सापडलं तेच त्याच्या पत्रात छापतात. म्हणून दोन्ही पत्रांतलं ते वाक्य वेगवेगळं वाचा आणि इथे लिहा. नंबर लिहू नका, फक्त कोणत्या प्रकारची माहिती ते लिहा.

जास्वंदी_एडिसन

दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरच्या बाईंनी 'हो' म्हणून सांगितलं, दिवसभर हेच फोन येतायत म्हणे. म्हणजे पत्र खरं आहे.

आणि ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या लक्षातच आलं नसतं. दोन्ही पत्रं सारखीच समजून मी नवऱ्याचंच वाचलं होतं. त्याच्यात नाव, पत्ता आणि विम्याचा मेंबर नंबर आहे. लेकीच्या पत्रात नाव, जन्मतारीख, तपासणीच्या तारखा, विम्याचा नंबर आणि सोशल सिक्युरिटी नंबर आहे. पहिल्या भेटीचा फॉर्म मीच भरला होता, त्यात तो रकाना होता. मी का भरला असेन?

पाटीवर_पेन्सिल

फॉर्मवर रकाना असला की सगळेच भरतात, स्वतःला दोष देऊ नका. पुढच्या वेळी रिकामा ठेवा, बहुतेक दवाखाने काही म्हणत नाहीत.

लेकीचं काम आधी करा. लहान मुलाचा नंबर चोराला जास्त सोयीचा असतो, कारण त्या नंबरावर क्रेडिटची फाइलच नसते आणि मूल मोठं होईपर्यंत कुणी बघायला जात नाही. १८ व्या वर्षी कॉलेजचं कर्ज मागायला गेल्यावर कळतं की आपल्या नंबरावर कुणीतरी आधीच कार्डं काढली आहेत. मॉनिटरिंग घ्या, पण मुलांसाठीचं वेगळं असेल तर तेच घ्या, कारण मोठ्यांचं मॉनिटरिंग क्रेडिटची फाइल पाहतं आणि तिची फाइलच नाही. शिवाय मॉनिटरिंग म्हणजे चोरी झाल्यावर मिळणारी वर्दी. दाराला कुलूप लावायचं असेल तर सिक्युरिटी फ्रीज, म्हणजे ब्युरो त्या नंबराची फाइल नव्या कर्जासाठी कुणाला दाखवतच नाही.

डॅलसकर, तुम्ही म्हणता ते फ्रॉड ॲलर्टचं आहे, म्हणजे कर्ज देण्याआधी ओळख नीट तपासा अशी फाइलवरची सूचना. ॲलर्ट एका ब्युरोकडे लावला की तो बाकी दोघांना कळवतो हे बरोबर. फ्रीजचं तसं नाही, तो तिघांकडे स्वतंत्रपणे लावावा लागतो. सप्टेंबर २०१८ पासून तो देशभर मोफत आहे. मोठ्या माणसाने ऑनलाइन किंवा फोनवरून मागितला तर एका कामकाजी दिवसात लावायचं ब्युरोवर बंधन आहे, आणि काढायला सांगितलं तर तासाभरात. ब्युरोच्या साइटवर 'लॉक' नावाची दुसरी सेवा पुढे करतात, कधी महिन्याचे पैसे घेऊन. ती नको, Security Freeze असं स्पष्ट लिहिलेलं शोधा.

१६ वर्षांखालच्या मुलासाठी मात्र टपालाने पाठवावं लागतं. तिन्ही ब्युरोंना वेगवेगळं पाकीट : तिचा जन्मदाखला, तिच्या सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत, तुमचं ओळखपत्र आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा. ते तिच्या नावाने एक नोंद तयार करतात आणि तीच गोठवतात. मूळ कागद पाठवू नका. पाकीट पोचल्याची पावती मिळेल असंच पाठवा आणि ब्युरोकडून आलेली पत्रं तिच्या जन्मदाखल्याजवळ ठेवा. दहा वर्षांनी फ्रीज काढायचा असेल तेव्हा ती लागतील.

बे_एरियातला_बाप

आमच्याकडे हेच झालं होतं, पण गोष्ट कळली टॅक्स भरताना. मुलाला अवलंबित म्हणून दाखवलं आणि आमचं ई-फाइल परत आलं, कारण त्याचा नंबर आधीच दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये होता. क्रेडिट फ्रीज टॅक्सच्या बाबतीत काहीच करत नाही. आयआरएसचा सहा आकडी आयपी पिन घ्या, तो दरवर्षी नवा मिळतो आणि त्याशिवाय त्या नंबरावर ई-फाइल होत नाही. आई-बाप ऑनलाइन काढू शकतात. मुलासाठी ऑनलाइन सोय नाही. फॉर्म १५२२७ आहे, पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, आम्ही तिच्यावर गेलो. शेवटी अपॉइंटमेंट घेऊन कागद घेऊन गेलो.

पाटीवर_पेन्सिल

ही महत्त्वाची भर घातलीत. आणि विमा राहिलाच. फ्रीजचा विम्याशीही संबंध नाही. जास्वंदी, विमा कंपनीकडून उपचारांच्या खर्चाचं जे विवरण येतं ते यापुढे न फेकता वाचा. ज्या तारखेला तुम्ही दवाखान्यात गेलाच नाहीत, त्या तारखेचं काही दिसलं तर लगेच कळवा. नवा मेंबर नंबर मागून बघा. काही कंपन्या देतात, काही नाही. नवऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर या पत्रात नसला तरी तुम्ही दोघांनी फ्रीज लावून टाका, फुकट आहे आणि अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त गाडीचं कर्ज, नवं घर किंवा फोनचं कनेक्शन घेण्याआधी तात्पुरता काढायला विसरू नका.

साठ दिवसांचं म्हणाल, तर मुदत घटना 'कळल्यापासून' मोजतात. कळलं कधी धरायचं यावरच वाद असतो. कंपन्या फायली तपासून झाल्याची तारीख धरू पाहतात, तर आरोग्य खात्याच्या नियमात ज्या दिवशी कळलं किंवा कळायला हवं होतं तो दिवस आहे. त्यात बिलिंग कंपनी आधी दवाखान्याला कळवते. पत्रावरून मी 'कायदा मोडला' असं म्हणणार नाही, पण फेब्रुवारी ते ऑगस्ट हा उशीर मला पटत नाही. आरोग्य खात्याकडे तक्रार करता येते, त्याला वकील लागत नाही.

गोदाकाठ

मघाशी घाईत लिहिलं, माफ करा. पण हे वाचून प्रश्न पडला, आपल्याकडे असा फ्रीज का नाही?

सातारी_कंदी

इथल्यासारखा मोफत, कायद्याने मिळणारा फ्रीज भारतात नाही. चार ब्युरो आहेत, प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तीन-तीन महिन्यांनी एकेकाचा मागवला तर वर्षभर नजर राहते. पत्राबद्दल म्हणाल तर डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ग्राहकाला काय गेलं, त्याने काय होऊ शकतं आणि त्याने काय करावं हे कळवायचं कलम त्यात आहे, पण ते लागू व्हायला १८ महिन्यांचा अवधी दिलाय.

जास्वंदी_एडिसन (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या दोघांचे तिन्ही फ्रीज त्याच रात्री झाले. लेकीची पाकिटं पाठवली, दोन ब्युरोंकडून फ्रीज लागल्याचं पत्र आलं. तिसऱ्याने कागद परत पाठवले, कारण विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर आहे आणि अर्ज मी केला होता. आता त्याच्या नावाने पुन्हा पाठवलाय. विमा कंपनी नवा नंबर द्यायला तयार नाही, पण खात्यावर सूचना लिहून ठेवली म्हणाली. आयआरएसची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात मिळाली आहे.

एक विचारायचं राहिलं. दवाखान्याला तिचा सोशल सिक्युरिटी नंबर त्यांच्या आणि बिलिंग कंपनीच्या फायलीतून काढायला सांगितलं, तर 'सिस्टममधून काढता येत नाही' एवढंच उत्तर मिळालं. असं खरंच असतं का? कुणी हे करून घेतलंय का, कसं?