मदत हवी आहे: अनन्य आर्थिक क्षेत्रात पकडलेले परदेशी मासेमारी जहाज, उत्तराची मांडणी कशी करावी?

पणजी_विधी_३
नमस्कार. सोमवारी सागरी कायद्याची परीक्षा आहे आणि गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतील एका समस्येवर दोन दिवस अडलो आहे. ‘क’ राष्ट्राने आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, ‘ख’ राष्ट्राचा ध्वज असलेला ट्रॉलर पकडला, कप्तानाला तुरुंगात टाकले आणि जामीन म्हणून अवाच्या सवा रक्कम मागितली. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारातील अनुच्छेद ७३ मी लिहितो, पण वीस गुणांच्या या प्रश्नाला मला दरवेळी आठच गुण पडतात. कृपया नेमके कुठे चुकते ते लवकर सांगा.

म्हापसा_वकील
माहिती अपुरी आहे. प्रश्नाच्या शेवटची ओळ काय आहे? ‘ख’ला सल्ला द्या असे म्हटले आहे, की अटक वैध आहे का असे विचारले आहे? जहाज नेमके कुठे पकडले? रक्कम किती, आणि जहाज पकडून किती दिवस झाले? हे कळल्याशिवाय कोणीही तुम्हाला बरोबर सल्ला देऊ शकणार नाही.

बेतूल_रापणकार
आमच्याकडे हा प्रश्न रोजचाच आहे. शेजारच्या राज्यांतील ट्रॉलर रात्री दिवे लावून येतात, आमची जाळी फाडतात, आणि पकडले तरी थोडा दंड भरून सुटतात. तुमच्या उत्तरात हे लिहाच, कारण तपासणाऱ्यांना किनाऱ्यावरची खरी स्थिती कळायला हवी.

म्हापसा_वकील
रापणकारबाब, तुमची तक्रार रास्त आहे, पण ती जहाजे भारतीय आहेत आणि बहुतेक वेळा प्रादेशिक समुद्रात, म्हणजे बारा सागरी मैलांच्या आत येतात. त्यांना राज्याचा मासेमारी नियमन कायदा लागू होतो. येथे परदेशी ध्वज आहे आणि ते अंतर ओलांडून पुढचा समुद्र आहे, म्हणून हा वेगळा धागा आहे.

पणजी_विधी_३
क्षमस्व, मला वाटले हे तपशील गौण आहेत. शेवटची ओळ आहे: ‘ख’ला सल्ला द्या. किनाऱ्यापासून १९५ सागरी मैलांवर गस्ती जहाजाने थांबण्याचा इशारा दिला, ट्रॉलर पळाला, आणि २०४ मैलांवर त्याला पकडले. मध्ये चाळीस मिनिटे तो नजरेआड होता, फक्त रडारवर दिसत होता. जहाजाची किंमत वीस लाख डॉलर, कमाल दंड सहा लाख, जप्त करून विकलेली मासळी दोन लाखांची. जामीन मागितला पन्नास लाख, त्यांतील दहा लाख पुढील सदाचरणासाठी, शिवाय मालकांची नावे आणि उपग्रह यंत्र बसविण्याची अट. चौदा दिवस झाले आहेत. कप्तानाला सहा महिने कैद झाली आहे, आणि जहाज सरकारजमा करण्याची कारवाई सुरू आहे.

फोंडा_२०
अगदी सोपे आहे. १९८२ च्या करारातील अनुच्छेद ७३(३) नुसार वेगळा करार नसेल तर कैद देता येत नाही, त्यामुळे सगळी अटकच बेकायदेशीर ठरते. हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे जावे, ते जहाज सोडवील आणि कैदही रद्द करील. एन्रिका लेक्सीचा खटला उद्धृत करा, तपासणाऱ्यांना आवडतो.

म्हापसा_वकील
फोंडा, पहिले अर्धे वाक्य बरोबर आहे, पुढचे नाही. एन्रिका लेक्सी हे तेलवाहू जहाज होते आणि वाद दोन भारतीय मच्छीमारांच्या मृत्यूचा व त्यावरील अधिकारक्षेत्राचा होता. मासेमारीच्या कायद्याची अंमलबजावणी हा त्याचा विषय नव्हता.

आता मूळ प्रश्न. विद्यार्थ्याचे गुण जातात, कारण तो दोन मार्ग एकत्र कालवतो. पहिला मार्ग अनुच्छेद २९२ चा, तात्काळ सुटकेचा. तेथे न्यायाधिकरण फक्त एकच पाहते: वाजवी जामिनावर जहाज आणि खलाशी सोडले का. अटकेनंतर दहा दिवसांत दोन्ही पक्षांचे न्यायालयाबाबत एकमत झाले नाही की ‘ख’ किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते. येथे चौदा दिवस झाले आहेत, म्हणजे दार उघडे आहे. दुसरा मार्ग अटकेच्या वैधतेचा, आणि कैद, पाठलाग, ध्वजराष्ट्राला कळविणे हे सगळे त्यात येते. कामुको खटल्यात, २००० साली, पनामाने ७३(३) आणि ७३(४) चे, म्हणजे कैदेचे आणि ध्वजराष्ट्राला कळविण्याचे, मुद्देही मांडले होते. न्यायाधिकरणाने ते या कार्यवाहीत ग्राह्य धरले नाहीत आणि फक्त सुटकेचा आदेश दिला. म्हणून ‘कैद रद्द होईल’ असे लिहू नका. कप्तानाची सुटका मात्र वाजवी जामिनाच्या ७३(२) खाली मागता येते, कारण तो खलाशांत मोडतो.

वास्को_निवृत्त
मी गस्ती जहाजावर बरीच वर्षे काढली. एक गोष्ट विद्यार्थी विसरतात: ट्रॉलरवर चढलेला अधिकारी पहिल्याप्रथम स्थान नोंदवतो, मग जाळी ओली आहेत का, फळ्यांवर ताजा खवला आहे का, बर्फाच्या कोठारात काय आहे आणि नोंदवहीतली तारीख त्याच्याशी जुळते का हे पाहतो. परदेशी जहाजांच्या मासेमारीबद्दलच्या आमच्या १९८१ च्या कायद्यातही परवान्याशिवाय मासेमारीबद्दल प्रादेशिक समुद्रात कैद आहे, पण आर्थिक क्षेत्रात केवळ दंड आहे. पण रडारवर दिसणारे जहाज सुटले असे आम्ही कधीच मानले नाही. पाठलाग चालूच असतो.

म्हापसा_वकील
वास्कोकाका, अनुभवाबद्दल आदर आहे. क्षेत्राबाहेर जाऊन पकडायचे तर अनुच्छेद १११ पाठलाग अखंड असावा म्हणतो आणि इशारा दृश्य वा श्राव्य हवा म्हणतो. साइगा क्रमांक २ खटल्यात या अटी एकत्रितपणे पुऱ्या व्हाव्यात असे म्हटले गेले. रडारवरचा संपर्क पुरेसा आहे असा युक्तिवाद करता येईल, पण तो निर्णायक आहे असे मी लिहिणार नाही. शिवाय वोल्गा खटल्यात (२००२) जप्तीची परिस्थिती तात्काळ सुटकेच्या निर्णयाला संबंधित नाही असेच सांगितले गेले. म्हणजे २०४ मैलांचा मुद्दा दुसऱ्या भागात घ्या, पहिल्यात नाही.

साखळी_ताई
आणि जामिनाच्या रकमेचे काय? तपासणारे हेच शोधतात. मी मागच्या वर्षी फक्त ‘अवाजवी’ एवढेच लिहिले आणि गुण गेले.

म्हापसा_वकील
ताई, हे नेमके पकडलेत. आधी दहा लाखांचा सदाचरणाचा भाग वेगळा काढा. वोल्गामध्ये ऑस्ट्रेलियाने दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि मालकांच्या माहितीची अट घातली होती. न्यायाधिकरणाने ही रक्कम आणि बिगरआर्थिक अटी जामिनाचा भाग धरल्या नाहीत. उरलेले चाळीस लाख मग गुन्ह्याचे गांभीर्य, संभाव्य दंड, जहाज आणि मालाची किंमत यांच्याशी ताडून पाहा. जहाज वीस आणि कमाल दंड सहा, मिळून सव्वीस. त्यात विकलेल्या मासळीचे दोन लाख ‘क’च्या हातात आधीच आहेत. मोंटे कॉन्फुर्को खटल्यात, २००० सालीच, अशा मासळीची किंमत सुरक्षेचा भाग मानली गेली होती. म्हणून चाळीस जास्त आहे हे आकड्यांनी दाखवता येते. पण वाजवी आकडा नक्की किती, हे ठामपणे लिहू नका, कारण गुन्ह्याचे गांभीर्य पाहून जहाजाची पूर्ण किंमतही वाजवी ठरू शकते, जशी वोल्गात ठरली.

फोंडा_२०
मान्य. पण जहाज सरकारजमा झाले तर? मग अर्जच संपतो ना?

म्हापसा_वकील
येथे तुमची शंका योग्य आहे. तोमिमारू खटल्यात, २००७ साली, रशियाच्या न्यायालयांत जप्ती अंतिम झाली होती, म्हणून जपानचा अर्ज निरर्थक ठरला. मात्र ध्वजराष्ट्राला अर्जाची किंवा मालकाला देशांतर्गत अपिलाची संधीच न देता घाईने जप्ती केली तर काय, याबाबत न्यायाधिकरणाने सावध इशारा दिला आहे. तुमच्या प्रश्नात कारवाई सुरू आहे, संपलेली नाही. म्हणूनच ‘ख’ला पहिला सल्ला हा, की आजच अर्ज दाखल करा.

पणजी_विधी_३
मी आता अशी मांडणी करीन: आधी ७३(१) खाली ‘क’ला जहाजावर चढण्याचा आणि अटकेचा अधिकार आहे हे मान्य करायचे, मग २९२ चा अर्ज, रकमेचे गणित, जप्तीचा धोका, आणि सर्वांत शेवटी कैद व पाठलाग. चाळीस मिनिटांबद्दल मात्र कोणत्या बाजूला झुकावे हे मला अजून ठरवता येत नाही. ध्वजराष्ट्राला कळवले की नाही हे प्रश्नपत्रिकेत दिलेलेच नाही, तेव्हा तेथे ‘जर कळवले नसेल तर’ असे लिहिले तर चालेल का?

म्हापसा_वकील
चालेल, एका वाक्यात लिहा. आणि चाळीस मिनिटांच्या दोन्ही बाजू मांडून तुमचा कल सकारण नोंदवा. मी स्वतः वास्कोकाकांच्या बाजूला झुकेन.

वास्को_निवृत्त
तेव्हाच्या रडारच्या पडद्याची छापील नोंद असेल तर मीही झुकतो. नसेल तर नाही.